कोणत्या मालाला किती डोकं लावायचं?

अण्णांच्या दुकानात साठ्याचा एकच कायदा होता. वस्तू कुठलीही असो, दीड महिन्याच्या सरासरी खपाएवढी ती दुकानात असली पाहिजे. हा कायदा त्यांच्या वडिलांच्या काळापासून चालत आलेला. तालुक्याच्या गावी शेतीपंप, मोटारी, वाइंडिंगची तार आणि सगळे सुटे भाग विकणारं हे दुकान. वर्षाची विक्री दोन कोटींच्या आसपास, आणि बिलाच्या संगणकात ६४० वस्तूंची यादी. गावाचं नाव मी गाळलं आहे आणि आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत. दुखणं मात्र जसंच्या तसं सांगतो. गोडाऊन भरलेलं, बँकेचं कॅश क्रेडिट वर टेकलेलं, आणि तरीही एप्रिलमध्ये गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं.

मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये बरीच वर्षं काढली असल्यामुळे अण्णांनी मला बोलावलं. म्हणाले, “तुम्ही हिशेबातले. एवढा माल भरूनही माल नाही, हे कसं काय ते बघा.”

दीड महिन्याच्या कायद्यातच त्याचं उत्तर होतं. पाच एचपीच्या एका बनावटीचे सबमर्सिबल पंप वर्षाला १९२ विकले जात, म्हणजे महिन्याला सरासरी १६. दीड महिन्याचे झाले २४. आता एप्रिलमध्ये पंपाचा खप महिन्याला ४०. तेव्हा हे २४ पंप अठरा दिवसांत संपायचे. ऑगस्टमध्ये खप २. तेव्हा हेच २४ पंप नागपंचमीपासून दिवाळीपर्यंत गोडाऊनच्या भिंतीला टेकून बसायचे. एका पंपाचे २०,००० धरले तर चार लाख ऐंशी हजार रुपये नुसते भिजत घातलेले. कायदा उन्हाळ्यात तोकडा आणि पावसाळ्यात ढगळ. तो बरोबर बसेल असे महिने वर्षात फारच थोडे.

पहिलं काम ठरलेलं होतं आणि ते कुठल्याही स्टोअर्समधला माणूस झोपेतही करेल. प्रत्येक वस्तूची वर्षाची विक्री रुपयांत काढायची, मोठीकडून छोटीकडे यादी लावायची आणि वरून बेरीज करत यायची. एकूण विक्रीचे ८० टक्के होईपर्यंत जेवढ्या वस्तू लागतात त्या ‘ए’, पुढच्या १५ टक्क्यांतल्या ‘बी’, उरलेल्या ‘सी’. थोड्यांच्या हाती बरंच असतं, हे निरीक्षण इटलीच्या विल्फ्रेडो पारेतो याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्पन्नाच्या वाटपाबद्दल मांडलं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ते मालाच्या साठ्याला लावून दाखवलं. अण्णांच्या ६४० वस्तूंपैकी साठ-एक वस्तूंतच ८० टक्के विक्री निघाली. अण्णांना त्याचं काही नवल वाटलं नाही. “हे तर मला गल्ल्यावर बसूनच माहीत आहे,” ते म्हणाले. खरंच होतं.

एबीसी सांगतं ते एवढंच, की पैसा कुठे आहे. त्या मालाचा खप कसा आहे, एका चालीचा की लहरी, यावर ते चकार शब्द काढत नाही. तांब्याची वाइंडिंग तार ‘ए’मध्ये होती, पाच एचपीचा पंप ‘ए’मध्ये होता आणि चाळीस हजारांचं मोठं स्टार्टर पॅनलही ‘ए’मध्येच होतं. पण एकाच आईची तीन लेकरं जशी एका वळणाची नसतात, तसा या तिघांचा स्वभाव वेगळा. तो मोजायला दुसरी अक्षरं लागतात. ज्याचा खप महिन्यामागून महिना साधारण सारखा तो माल ‘एक्स’, ज्याचा खप बऱ्यापैकी वरखाली होतो तो ‘वाय’, आणि ज्याचा काही नेमच नाही तो ‘झेड’.

मोजायची रीत सोपी आहे. बारा महिन्यांचा खप मांडायचा आणि त्याची सरासरी काढायची. मग प्रत्येक महिना सरासरीपासून किती लांब गेला त्याचं प्रमाण विचलन काढायचं. अकरावी-बारावीत संख्याशास्त्र घेतलेल्यांना ते आठवत असेल. या विचलनाला सरासरीने भागलं की हेलकाव्याचं गुणोत्तर मिळतं. भागायचं अशासाठी, की महिन्याला दहा किलोंचा हेलकावा शंभर किलो खपाच्या मालाला किरकोळ असतो, पण वीस किलो खपाच्या मालाला मोठा. एक्सेलमध्ये बारा महिने B ते M या रकान्यांत असतील तर एवढंच लिहायचं:

```
=STDEV.S(B2:M2)/AVERAGE(B2:M2)
```

उत्तर ०.५ च्या आत आलं तर एक्स, ०.५ ते १ वाय, एकाच्या वर झेड. ही रेघ काही दगडावरची नाही. कारखान्यात कुणी ०.२५ वरच एक्सची हद्द संपवतात, किराण्याच्या गोदामात कुणी आणखी वेगळी धरतात. आपल्या मालाची यादी पाहून रेघ ओढावी, फक्त एकदा ओढली की दर महिन्याला ती सरकवू नये.

आता ती तीन लेकरं पाहू.

वाइंडिंग तारेचा जानेवारी ते डिसेंबरचा खप किलोत असा होता: १००, ११०, १३०, १४०, १५०, १४०, ९०, ८०, १००, १२०, १४०, १४०. एकूण १,४४० किलो, सरासरी १२०, विचलन २३, गुणोत्तर ०.२. मोटारी बारा महिने जळतात. उन्हाळ्यात जरा जास्त, पावसाळ्यात जरा कमी, एवढाच फरक. हा सरळ एक्स.

पाच एचपीच्या पंपाचे आकडे: १४, २०, ३२, ४०, ३८, १२, ३, २, ३, ६, १०, १२. सरासरी १६, विचलन १३.६, गुणोत्तर ०.८५. म्हणजे वाय, आणि तोही झेडच्या दाराशी उभा.

मोठ्या पॅनलचे आकडे तर वाचायलाही विचित्र: मार्चमध्ये ४, सप्टेंबरमध्ये १, डिसेंबरमध्ये ७ आणि बाकीचे नऊ महिने शून्य. वर्षाला १२, महिन्याला सरासरी १, पण गुणोत्तर २.२. महिन्याला एक पॅनल खपतं असं म्हणणं म्हणजे एक पाय चुलीत आणि एक बर्फात ठेवून सरासरी बरं वाटतंय म्हणण्यासारखं. झेड.

इथे बहुतेक जण थांबतात. ए-बी-सी आडवे, एक्स-वाय-झेड उभे, नऊ चौकटींचा रंगीत तक्ता करतात आणि प्रत्येक चौकटीला एकेक नियम चिकटवून मोकळे होतात. मीही सुरुवातीला तेच केलं. तक्ता टेबलावर ठेवला तेव्हा अण्णांनी पंपाच्या ०.८५ वर बोट ठेवलं आणि हसले. “याचा नेम नाही असं तुमचा कागद म्हणतो? मला विचारा की! होळीला पंप हलायला लागतो, पाऊस पडला की झोपतो. पन्नास वर्षं हेच चाललंय.”

एक्सवायझेडची खरी मेख ही होती, आणि ती अण्णांनी एका वाक्यात काढली. खप बदलणं वेगळं आणि खप न कळणं वेगळं. चंद्र रोज वेगळा दिसतो, पण पंचांगात त्याची तिथी आधीच छापलेली असते. पंपाचा खप हलतो खरा, पण तो ऋतूच्या तालावर हलतो. साध्या गुणोत्तराला हा ताल ऐकू येत नाही. त्याला प्रत्येक हेलकावा सारखाच संशयास्पद वाटतो.

म्हणून अशा मालाला सरासरीशी ताडून पाहू नये, अंदाजाशी ताडून पाहावं. आम्ही सगळ्यांत साधा अंदाज घेतला: गेल्या वर्षी या महिन्यात जेवढे गेले तेवढेच यंदा जातील. गेल्या वर्षीचे आकडे होते १२, १७, ३६, ४६, ३३, १५, ५, १, २, ८, ७, १४. यंदाच्या आकड्यांतून ते वजा केले की दर महिन्याची चूक मिळते. कुठे दोन, कुठे तीन, सगळ्यांत मोठी एप्रिलमध्ये सहा. या बारा चुकांचे वर्ग करून सरासरी घेतली आणि वर्गमूळ काढलं तर ३.२ येतं. त्याला सोळाने भागा, ०.२. तारेइतकंच! कागदावर जो पंप झेडच्या दाराशी होता, तो ऋतू ध्यानात घेताच एक्सच्या ओटीवर येऊन बसला.

तेव्हा वर्ग पाडताना मोजायचा तो उरलेला हेलकावा, म्हणजे जे कळण्यासारखं आहे ते कळून घेतल्यावर जे हाती लागत नाही ते. राखीव साठा त्याच्यासाठीच ठेवायचा असतो. ज्याची तारीख आधीच माहीत आहे त्यासाठी विमा उतरवत नाहीत, त्यासाठी वेळेवर माल मागवतात.

हा राखीव साठा काढायची रीतही आता सांगितली पाहिजे. पुस्तकातलं सूत्र असं: एका महिन्याच्या चुकेचं विचलन घ्यायचं, त्याला माल यायला लागणाऱ्या महिन्यांच्या वर्गमूळाने गुणायचं, आणि मग आपल्याला किती खात्री हवी आहे त्या आकड्याने गुणायचं. वर्गमूळ यासाठी, की माल यायला चार महिने लागले म्हणून चूक चौपट होत नाही. एका महिन्याचा जादा खप दुसऱ्याच्या कमी खपात थोडाफार जिरतो, म्हणून ती दुपटीच्याच आसपास राहते. खात्रीचा आकडा गाउसच्या घंटेच्या आकाराच्या वक्रावरून येतो. माल मागवण्याच्या शंभर खेपांपैकी ९५ खेपांत तुटवडा पडू नये असं वाटत असेल तर १.६४५, आणि ९९ खेपांत पडू नये असं वाटत असेल तर २.३३. शेवटचे चार टक्के मिळवायला राखीव साठा चाळीस टक्क्यांहून अधिक वाढतो, हे इथेच ध्यानात घ्यावं. मालकाला “शंभर टक्के माल असलाच पाहिजे” असं म्हणायला काही लागत नाही. ते बोलणं किती रुपयांचं आहे हे त्याला सहसा कुणी दाखवत नाही.

तारेला हे सूत्र चपखल बसतं. तार पुण्याहून पंधरा दिवसांत येते, म्हणजे अर्धा महिना. २३.४ गुणिले ०.७१ गुणिले १.६४५, म्हणजे सुमारे २७ किलो राखीव. पंधरा दिवसांत खपणारी ६० किलो त्यात मिळवली की ८७. दुकानात आणि वाटेत मिळून साठा ८७ किलोंवर आला की नवी मागणी पाठवायची, बस्स. दीड महिन्याच्या कायद्याने १८० किलो तार पडून असायची. नव्या रीतीने दर खेपेला ६० किलो मागवली तर सरासरी साठा साठ किलोंच्या आत राहतो. किलोला ९५० रुपये धरले तर एकट्या तारेतून लाखाच्या वर रक्कम मोकळी झाली. आणि पुढे? पुढे काहीच नाही. या मालाकडे अण्णांनी रोज पाहायची गरज नाही. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये ८७ चा आकडा टाकून ठेवला की ते स्वतःच सांगतं, आता मागव.

लोकांचा अंदाज इथे हमखास उलटा असतो. सगळ्यांत महत्त्वाचा माल म्हणून ए-एक्सवर सगळ्यांत जास्त मेहनत घ्यावी असं वाटतं. पण या मालाचा साधा अंदाजही चांगला येतो, त्याला आणखी घासून पुसून फार तर किलो-दोन किलोंचा फायदा. शिवाय इथे खात्री स्वस्त मिळते. हेलकावा लहान असल्यामुळे ९५ वरून ९९ ला जायला अवघी अकरा किलो तार जादा लागते. अण्णांनी ती ठेवली. रिवाइंडिंगवाला तारेवाचून परत गेला तर तो दुसऱ्या दुकानात पाय ठेवतो, आणि मग बेअरिंग आणि कपॅसिटरही तिथूनच नेतो.

डोकं लावायची जागा पंपाची. इथे अंदाज सुधारला की लगेच रुपयांत दिसतो. सरासरीवरचं १३.६ चं विचलन सूत्रात घातलं असतं तर, पंप कंपनीकडून यायला महिना लागतो म्हणून, २२ पंप बारमाही राखीव ठेवावे लागले असते. ऋतूवर आधारलेल्या ३.२ च्या चुकेने पाच-सहाच लागतात. तेही बारा महिने सारखे नाहीत. मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांच्या चुका वेगळ्या घेतल्या तर आठ पंपांची राखण हवी, आणि जुलै ते सप्टेंबरला दोन-तीन पुरतात. खप मोठा असतो तेव्हा चूकही मोठी असते. तर अण्णांचं वेळापत्रक असं ठरलं: जानेवारीच्या शेवटापासून कंपनीला मार्च-एप्रिलचे आकडे द्यायचे, मेअखेरीस हात आखडता घ्यायचा आणि पाऊस लागला की तीनावर यायचं.

मात्र गेल्या वर्षाची नक्कल करून भागत नाही. परतीचा पाऊस दणकून झाला, विहिरी काठोकाठ भरल्या, तर मार्चचा खप एप्रिलवर ढकलला जातो. पाऊस दडी मारून बसला तर लोक बोअर खोल नेतात आणि पाच एचपीच्या जागी साडेसात मागतात. हे संगणकाला ठाऊक नसतं, अण्णांना नोव्हेंबरातच ठाऊक असतं. बोअरवेलच्या गाड्या तालुक्यात कुठे चालल्या आहेत हे त्यांना चहाच्या टपरीवर कळतं. ए-वाय आणि ऋतूचा ए-माल हा माणसाचा वेळ खर्च करण्याजोगा माल आहे. असा माल सगळ्या दुकानात मिळून पंधरा-वीस वस्तूंचा निघाला. पंधरा-वीस वस्तूंवर महिन्यातून एक संध्याकाळ बसता येतं. ६४० वर बसता येत नाही, आणि म्हणूनच दीड महिन्याचा कायदा जन्माला आला होता.

पॅनलवर सूत्र चालवलं तेव्हा मात्र ते उघडं पडलं. पॅनल बनून यायला दीड महिना. २.२ गुणिले १.२२ गुणिले १.६४५, म्हणजे साडेचार पॅनल राखीव, आणि दीड महिन्याचा सरासरी खप दीड. सहा पॅनल ठेवा म्हणतं सूत्र, म्हणजे दोन लाख चाळीस हजार रुपये. बरं, ठेवली सहा. डिसेंबरात सात मागितली, तरी एक कमीच. आणि नऊ महिने सहाही जणांवर धूळ. सूत्रामागे घंटेचा वक्र गृहीत आहे: बहुतेक महिने सरासरीजवळ, थोडे लांब. पॅनलच्या खपात सरासरीजवळ जवळजवळ कुणीच नाही, एकतर शून्य नाहीतर घाऊक. अशा मालाला ९५ टक्के खात्रीचा आकडा लावणं म्हणजे शर्टाचं माप घेऊन चप्पल शिवणं.

मग काय करायचं? अंदाज सोडून द्यायचा आणि बिलं काढायची. सातही पॅनल एकाच बिलावर होती. उपसा सिंचनाचं काम घेतलेला कंत्राटदार. मार्चची चारही एकाच्याच नावावर. म्हणजे ज्याला आपण मागणीची लहर म्हणत होतो ती दोन माणसांची कामं होती, आणि त्या कामांची निविदा निघून, ती मंजूर होऊन, पाइप पडेपर्यंत कित्येक महिने गेलेले. कंत्राटदाराला नोव्हेंबरमध्ये एक फोन केला असता तर सातचा आकडा कळला असता. आता अण्णा एकच पॅनल दुकानात ठेवतात. एखादी चालू मोटार रात्रीत बंद पडली तर त्या गिऱ्हाइकाला थांबता येत नाही. बाकी सगळं आगाऊ रक्कम घेऊन मागवायचं आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चार कंत्राटदारांना फोन. ए-झेडच्या मालाला गणित कमी आणि ओळख जास्त लागते.

सगळे झेड असे फोनवर सुटत नाहीत, हेही खरं. जुन्या बनावटीचा इम्पेलर तीन-चार महिन्यांतून एखादा जातो, कोण येईल ते आधी कळत नाही. अशा तुटक मागणीसाठी जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये एक वेगळी वाट दाखवली: खप किती आणि दोन खपांमधलं अंतर किती, यांचे अंदाज वेगवेगळे धरायचे, शून्यं आणि आकडे एका सरासरीत कालवायचे नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात हे उपयोगी पडतं. तालुक्याच्या दुकानाला त्याची साधी आवृत्ती पुरते. एक ठेवायचा, गेला की एक मागवायचा. दोन वर्षं गेलाच नाही तर मोडीत काढायचा.

तळातल्या सी-मालाबद्दल थोडक्यात. इन्सुलेशन टेप, ग्रीस, नट-बोल्ट यांना दोन डबे केले. पहिला डबा रिकामा झाला की मागणी, तोवर दुसरा पुरतो. त्यांचा अंदाज काढायचाच नाही. चार महिन्यांची टेप एकदम घेतली तरी अडकणारे पैसे चहापाण्याच्या हिशेबातले.

या अक्षरांवर डोळे मिटून भरवसा ठेवणाऱ्यांना ती फसवतातही, आणि त्यातली एक फसगत आमचीही झाली. एका थ्रस्ट बेअरिंगला वाय मिळाला होता. वर्षभर वीस-बावीस जाणारं, मध्येच दोन महिने शून्य, मग एकदम ३८. वरकरणी लहरी. मी साठ्याचा रजिस्टर काढला तर त्या दोन महिन्यांत दुकानात बेअरिंगच नव्हतं! कंपनीकडून माल थकला होता. मागणी होतीच, विक्री शून्य झाली, आणि माल आल्यावर थांबलेली गिऱ्हाइकं एकदम आली. आपण मागणी मोजतो असं म्हणतो, पण मोजतो विक्री, आणि रिकाम्या फळीची विक्री शून्यच असते. या चुकीच्या पायावर तुम्ही त्याला लहरी म्हणालात, लहरी म्हणून कमी ठेवलंत, तर ते पुन्हा संपणार आणि पुन्हा लहरीच दिसणार. तेव्हा कुठलाही शून्याचा महिना दिसला की आधी त्या महिन्याचा साठा पाहावा. साठाही शून्य असेल तर तो महिना हिशेबातून वगळावा. अण्णांच्या गल्ल्यावर आता एक वही असते. जे मागितलं आणि नव्हतं ते त्यात लिहायचं. नोकर पोरं कंटाळा करतात, पण वही बरीच भरते.

दुसरी गोष्ट मोजायच्या मापाची. तोच माल महिन्यावार पाहिला तर एक्स, आठवड्यावार वाय आणि रोजचा पाहिला तर झेड दिसू शकतो, कारण रोजच्या खपात शून्यं भरपूर. माल यायला जेवढा काळ लागतो त्याच्या जवळपासचं माप घ्यावं. त्याच्याच जोडीला, महिन्याला एक-दोन जाणारी वस्तू झेडकडे झुकणारच, तिचा काही दोष नसतो. गिऱ्हाइकं आपापल्या मर्जीने, एकमेकांशी संबंध नसताना येत असतील, तर महिन्याला सरासरी एक जाणाऱ्या वस्तूचं गुणोत्तर एकच्या आसपास येतं आणि शंभर जाणाऱ्या वस्तूचं ०.१. म्हणून सी-मालात झेडांची गर्दी दिसते. तिच्या मागे कारणं शोधत बसू नये.

आणि एक गोष्ट या दोन्ही अक्षरांच्या पलीकडची. मेकॅनिकल सील दीड-दोनशे रुपयांचं, सी वर्गात पार तळाशी. पण ते नसलं तर पंप उभा आणि ऊस वाळतो. आपल्याकडच्या रुग्णालयांच्या औषध भांडारांत एबीसीच्या जोडीला व्हीईडी वापरतात: अत्यावश्यक, आवश्यक आणि असलं तर बरं. स्वस्त पण जीव वाचवणारं इंजेक्शन सी म्हणून दुर्लक्षित राहू नये हा त्यामागचा विचार. अण्णांनी यादीत अशा वीस-पंचवीस वस्तूंवर लाल खूण केली. पैसे आणि हेलकावा काहीही म्हणो, त्या संपू द्यायच्या नाहीत.

यादी दर सहा महिन्यांनी पुन्हा लावायची असं ठरलं. रेघेच्या अगदी जवळच्या वस्तू इकडून तिकडे उड्या मारतात. ०.४९ आज एक्स, ०.५१ उद्या वाय. लागोपाठ दोनदा बाहेर गेल्याशिवाय अक्षर बदलायचं नाही, नाहीतर नियम बदलण्यातच वेळ जातो.

परवा पुन्हा त्यांच्याकडे गेलो होतो. पंपाच्या ओळीपुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ पासून आहे, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ही आता सुरू आहे. त्यातला पंप ठरवून दिलेल्या पुरवठादारांकडून येतो, अण्णांच्या दुकानातून जात नाही. ज्या शेतकऱ्याने दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये पंप नेला असता त्याचा मार्च यंदा इथे दिसणार नाही. ऋतूचा ताल तोच, पण नाचणारे कमी. गेल्या वर्षीच्या आकड्यांवर उभा केलेला ०.२ चा सुबक अंदाज यंदा किती खरा ठरेल, ते एप्रिलच्या चुका पाहूनच कळेल. तोवर अण्णांनी जानेवारीची ऑर्डर चाळीसवरून तीसवर आणली आहे, आणि सोमवारच्या फोनांच्या यादीत सौर पंपांची कामं बसवणाऱ्या दोन पोरांचे नंबर वाढवले आहेत. त्या पोरांना केबल लागते.